दुसऱ्या स्क्रीनवर व्हिडिओ लावला की गेम अटकतो: दोष मॉनिटरचा की आणखी कशाचा?

दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या दुकानात ही तक्रार वर्षभर येत असते. कापूस विकून घरात पैसा आला की पोट्टे नवा मॉनिटर घेतात, जुना फेकवत नाही म्हणून तोही बाजूला जोडतात. मग एका स्क्रीनवर गेम, दुसरीवर यूट्यूब, डिस्कॉर्ड आणि ब्राउझरचे दहा-वीस टॅब. दोन-चार दिवस मजा येते आणि मग फोन येतो: "दादा, दुसरा मॉनिटर लावला तवापासून गेम अटकून राह्यला. काढून टाकू काय?"

काढू नका. आधी भार कशाचा आहे ते ओळखा, कारण बहुतेक वेळा मॉनिटरचा त्यात फार थोडा वाटा असतो. पण "सेकंड मॉनिटरने काहीच फरक पडत नाही" हे उत्तरही अर्धवटच आहे. फरक पडतो, फक्त लोक समजतात त्या जागी पडत नाही.

आधी मॉनिटरचा हिशोब करू. १९२० बाय १०८० च्या स्क्रीनचं एक पूर्ण चित्र ग्राफिक्स कार्डच्या मेमरीत साधारण ८ एमबी जागा घेतं. विंडोज अशी दोन-तीन चित्रं हाताशी ठेवतं असं धरलं तरी २५ एमबीच्या आसपास होतात. ४ जीबीच्या कार्डाला हे काहीच नाही. स्क्रीनवर नुसता वॉलपेपर असेल तर ते चित्र पुन्हा काढावंही लागत नाही. म्हणून रिकामा दुसरा मॉनिटर जोडून गेमचे फ्रेम मोजले तर आकडा जवळपास तसाच राहतो.

मग अटकतं काय? एकच मॉनिटर असताना गेम पूर्ण स्क्रीनवर असतो आणि ब्राउझर त्याच्यामागे झाकला जातो. आजचे क्रोमसारखे ब्राउझर आपली विंडो पूर्ण झाकली गेली आहे हे ओळखतात आणि ती रंगवणं थांबवतात. यूट्यूबचा आवाज चालू राहतो, पण चित्र काढण्याचं काम जवळपास बंद असतं. तीच विंडो दुसऱ्या स्क्रीनवर नेली की ती सतत डोळ्यासमोर असते, त्यामुळे तिला सतत रंगवावं लागतं. व्हिडिओचा प्रत्येक फ्रेम उलगडावा लागतो, चॅटमधली हलती जीआयएफ पुन्हा पुन्हा काढावी लागते, पानाच्या कोपऱ्यातली जाहिरात हलत असेल तर तीही. पूर्वी तेच टॅब उघडे असूनही गेम का अटकत नव्हता याचं उत्तर हे आहे.

यातूनच एक सोपी चाचणी निघते, आणि मी फोनवर पहिल्यांदा हीच करायला सांगतो. गेम चालू ठेवा, व्हिडिओही चालू ठेवा, फक्त ब्राउझर मिनिमाइझ करा. आवाज येत राहील. आता गेम सुरळीत झाला, तर अडचण चित्र काढण्यात किंवा व्हिडिओ उलगडण्यात आहे, म्हणजे प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्डाकडे बघायचं. मिनिमाइझ करूनही झटके तसेच राहिले, तर रॅमकडे बघायचं, कारण ब्राउझर मिनिमाइझ झाला तरी त्याने घेतलेली रॅम तो लगेच सोडत नाही.

आधी नेटचा दोष वगळा

गावात हे फार महत्त्वाचं आहे. "अटकतं" या एका शब्दात दोन वेगळे आजार असतात. एकात चित्रच थांबतं: माउस फिरवला तरी दृश्य अर्धा सेकंद जागचं हलत नाही. दुसऱ्यात चित्र छान चालतं, पण समोरचा खेळाडू इथून तिथे उडी मारतो, गोळी उशिरा लागते, आपण पुढे गेलेले मागे ओढले जातो. हा दुसरा आजार कॉम्प्युटरचा नाही, लाइनचा आहे.

यूट्यूब व्हिडिओ एकसारखा थेंब थेंब येत नाही. पुढच्या काही सेकंदांचा तुकडा एकदम ओढला जातो, मग थोडी शांतता, मग पुन्हा तुकडा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर किंवा कमी वेगाच्या लाइनवर तो तुकडा येत असताना गेमचा डेटा मागे रांगेत राहतो, आणि पिंग ठरावीक अंतराने उसळतो. खेळणाऱ्याला वाटतं, व्हिडिओ लावला की मशीन दमली.

ओळखायला सोपं आहे. ज्या गेमला ऑफलाइन भाग आहे तो भाग खेळून बघा. व्हिडिओ दुसऱ्या स्क्रीनवर चालू असताना ऑफलाइन गेम नीट चालला आणि ऑनलाइनच बिघडला, तर मशीनला हात लावू नका. व्हिडिओ ४८० पी वर आणा. एवढ्या लहान खिडकीत फरकही दिसत नाही. घरात दुसऱ्या कुणाच्या मोबाइलवर रील चालू आहेत का तेही बघा. तो पाहुणा हिशोबात कुणी धरत नाही.

एक मशीन, क्रमाने

आता चित्रच थांबतं तो आजार घेऊ. मागच्या हंगामात एका पोराचा सीपीयू दुकानात आला होता, त्यात एकाच जागी तीन-चार कारणं सापडली, म्हणून तेच उदाहरण सांगतो. प्रोसेसर आय-थ्री १०१००एफ, म्हणजे ४ कोर आणि ८ थ्रेड. रॅम ८ जीबी, एकच पट्टी. ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १६५०, ४ जीबीचं. विंडोज छोट्या एसएसडीवर, गेम जुन्या हार्ड डिस्कवर. मुख्य मॉनिटर ७५ हर्ट्झचा, बाजूचा जुना ६० हर्ट्झचा, कन्व्हर्टरने जोडलेला. गेम जीटीए ५. तक्रार अशी की व्हिडिओ लावला की सारखं बारीक अटकतं, आणि मधूनच एक मोठा झटका बसतो.

असं मशीन आलं की सगळं एकदम बंद करायचं आणि एकेक वस्तू वाढवत जायचं. नुसत्या नजरेवर विसंबू नका, फ्रेमचा आकडा स्क्रीनवर ठेवा. एनव्हिडियाच्या सॉफ्टवेअरमध्ये Alt+R दाबलं की कोपऱ्यात आकडे येतात. सरासरी एफपीएसपेक्षा त्यातला `99% FPS` किंवा `1% Low` हा आकडा जास्त कामाचा, कारण झटके तिथे दिसतात. सरासरी ७० आणि खालचा आकडा ५५ असेल तर गेम हाताला मऊ लागतो. सरासरी तीच ७० पण खालचा आकडा २० असेल तर तोच गेम त्रास देतो, आणि "एफपीएस तर चांगला दिसून राह्यला, मग अटकते काऊन?" हा प्रश्न तिथूनच येतो.

जीटीएच्या स्टोरी मोडमध्ये, गावाबाहेरच्या त्याच रस्त्यावर गाडी फिरवून बघितलं. रिकामा दुसरा मॉनिटर: काही फरक नाही. त्यावर एक साधं बातम्यांचं पान: फरक नाही. मग यूट्यूबचा १०८० पी व्हिडिओ लावला, आणि सरासरी फार न पडता खालचा आकडा कोसळला. म्हणजे आजार व्हिडिओपाशी आहे, मॉनिटरपाशी नाही.

आता टास्क मॅनेजर. `Performance` मध्ये `GPU` वर गेलं की चार छोटे आलेख दिसतात. त्यातले दोन आपल्या कामाचे: `3D` आणि `Video Decode`. हे दोन वेगळे विभाग आहेत हे ध्यानात घ्या. गेम `3D` वर चालतो. व्हिडिओ उलगडायला कार्डात वेगळी सोय असते, ती `Video Decode` मध्ये दिसते, आणि ती वापरली गेली तर व्हिडिओ उलगडण्याचा भार गेमवर फारच थोडा येतो. तो उलगडलेला फ्रेम ब्राउझरच्या खिडकीत बसवायला `3D` चं थोडं काम लागतं, तेवढंच.

या मशीनवर व्हिडिओ चालू असताना `Video Decode` सरळ शून्यावर होतं, आणि प्रोसेसर ७० टक्क्यांवरून ९५ च्या वर गेला होता. म्हणजे व्हिडिओ प्रोसेसर उलगडत होता. चार कोरचा प्रोसेसर, त्यावर जीटीए स्वतः भरपूर काम टाकतो, त्यात हे ओझं.

कारण विचारलं तर पोरगा म्हणाला, "मित्रानं सांगतलं होतं, हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद कर, गेम फास्ट होते." हा सल्ला सगळीकडे फिरतो आणि तो अर्धाच खरा आहे. ते बंद केलं की ब्राउझरचं काम ग्राफिक्स कार्डावरून उठून प्रोसेसरवर बसतं. ज्याचं कार्ड पूर्ण दमलेलं आणि प्रोसेसर मोकळा आहे, त्याला फायदा होतो. ज्याचा प्रोसेसरच तंग आहे त्याचं वाटोळं होतं. आमच्याकडे येणाऱ्या मशीन बहुतेक आय-थ्री किंवा जुन्या आय-फाइव्हच्या, म्हणून मी हे चालूच ठेवायला सांगतो. क्रोममध्ये `Settings` मधल्या `System` खाली `Use graphics acceleration when available` हे बटण असतं. चालू करून ब्राउझर पुन्हा सुरू करा. मग पत्त्याच्या जागी हे टाका:

```
chrome://gpu
```

वरच्या यादीत `Video Decode` समोर `Hardware accelerated` दिसलं पाहिजे. `Software only` असं काही दिसलं तर काम झालेलं नाही, बहुधा ग्राफिक्स ड्रायव्हर जुना किंवा अर्धवट बसलेला असतो.

बटण चालू केल्यावर बराच फरक पडला, पण काही व्हिडिओंवर `Video Decode` चा आलेख वर येई आणि काहींवर पुन्हा शून्य. इथे पुष्कळ जण हात टेकतात. व्हिडिओवर उजवी क्लिक करून `Stats for nerds` उघडा आणि `Codecs` ची ओळ वाचा. `avc1` किंवा `vp09` ने सुरू होत असेल तर जीटीएक्स १६५० ते आपल्या वेगळ्या विभागात उलगडतं. `av01` ने सुरू होत असेल तर तो एव्ही१ प्रकार आहे, आणि तो उलगडण्याची सोय या कार्डात नाही. एनव्हिडियाने ती आरटीएक्स ३० मालिकेपासून दिली. कार्डाला जमत नाही म्हटल्यावर ब्राउझर निमूटपणे ते काम प्रोसेसरकडे देतो, कुठलीही सूचना येत नाही. बटण चालू, `chrome://gpu` वर सगळं हिरवं, आणि तरी प्रोसेसर तापलेला, असं दिसलं की पहिली शंका एव्ही१ ची घ्यायची.

उपाय यूट्यूबच्या खात्यातच आहे. लॉगिन करून हे पान उघडा:

```
youtube.com/account_playback
```

तिथे एव्ही१ च्या पर्यायांत `Prefer AV1 for SD` निवडा. मग कमी दर्जाचे व्हिडिओ एव्ही१ मध्ये येतील, ते उलगडायला प्रोसेसरला जड नाहीत, आणि एचडी व्हिडिओ `vp09` मध्ये येतील, ते कार्ड सांभाळेल. इथे एक बारीक गोष्ट: तुम्ही वर सांगितल्याप्रमाणे व्हिडिओ ४८० पी वर बघत असाल तर `av01` दिसलं तरी घाबरू नका, प्रोसेसरचा आकडा बघा. ज्यांच्याकडे आणखी जुनं कार्ड आहे, जसं जीटीएक्स ७५० टीआय, त्यांना `vp09` पण कार्डावर उलगडता येत नाही. त्यांनी `avc1` सक्तीने मागणारं ब्राउझर एक्स्टेन्शन टाकावं.

एवढ्यावर बारीक अटकणं थांबलं. व्हिडिओ चालू असताना `Video Decode` थोडं वर, प्रोसेसर पुन्हा ७५ च्या आसपास. पण मधूनच बसणारा मोठा झटका तसाच होता.

मोठा झटका: रॅम

ब्राउझर मिनिमाइझ करून बघितलं तरी तो झटका येत होता. सुरुवातीला सांगितलेली चाचणी इथे उपयोगी पडली: चित्राचा प्रश्न सुटला होता, उरला होता रॅमचा. जीटीए, विंडोज, वीसेक टॅब आणि डिस्कॉर्ड मिळून ८ जीबीपैकी साडेसातच्या वर भरलेलं. रॅम संपत आली की विंडोज न वापरलेला भाग डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये टाकतं, आणि हवा झाला की परत आणतं. एसएसडी असेल तर हे फारसं जाणवत नाही. पण या मशीनवर कुणीतरी एसएसडीची जागा वाचावी म्हणून पेज फाइल `D:` वर, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कवर हलवली होती. त्याच डिस्कवर गेम. गेम रस्त्याचा पुढचा भाग डिस्कवरून वाचतो, नेमका त्याच वेळी विंडोज तिथून रॅमचा तुकडा मागतं, आणि डिस्कची सुई इकडून तिकडे धावते. तोच तो अर्ध्या सेकंदाचा झटका.

हे नक्की करायला Win+R दाबून हे लिहा:

```
resmon
```

`Memory` टॅबमध्ये `Hard Faults/sec` असा स्तंभ आणि आलेख आहे. नाव भीतिदायक आहे, पण त्याचा अर्थ डिस्कवरून रॅममध्ये आणावं लागणं एवढाच, मशीन बिघडली असा नाही. अधूनमधून थोडे आकडे येणं साधं आहे. गेमला झटका बसला त्याच क्षणी तो आलेख छताला लागत असेल तर दोषी सापडला.

पैसे न खर्चता दोन गोष्टी करता येतात. पेज फाइल परत एसएसडीवर आणून `System managed size` वर ठेवा, आणि एसएसडीवर थोडी जागा मोकळी करा. क्रोममध्ये `Settings` मधल्या `Performance` खाली `Memory Saver` चालू करा, म्हणजे न बघितलेले टॅब रॅममधून उतरतात. आमच्या पोराचं एवढ्यावर बरंचसं भागलं. पुढे त्याने दुसरी ८ जीबीची पट्टी टाकली, आणि माझ्या मते दोन मॉनिटरवर खेळणाऱ्याने ग्राफिक्स कार्डाआधी हाच खर्च करावा. दुसरी पट्टी टाकली की जागा तर वाढतेच, शिवाय रॅम दोन मार्गांनी वाचली जाते, आणि तंग प्रोसेसरला त्याचाही फायदा होतो. पट्टी बोर्डावर योग्य खाचेत बसवा. बहुतेक चार खाचांच्या बोर्डांवर दुसरी आणि चौथी.

उलटा आजार: गेम छान, व्हिडिओ अडखळतो

शेवटी एक उरलं होतं. गर्दीच्या दृश्यात गेम ठीक, पण बाजूचा व्हिडिओ अडखळायचा. टास्क मॅनेजरमध्ये `3D` तेव्हा ९९ टक्के. गेमला मर्यादा घातली नाही की कार्डात जेवढी ताकद आहे तेवढे फ्रेम तो काढत बसतो. मॉनिटर ७५ च दाखवू शकतो, तरी गेम मोकळ्या रस्त्यावर ९० काढायला जातो. मग ब्राउझरला आपला फ्रेम खिडकीत बसवायला जे थोडंसं `3D` हवं असतं, त्याची पाळीच येत नाही.

पाण्याची पाळी लावल्यासारखंच इथेही करावं लागतं: मोठ्या शेतकऱ्याने थोडा वेळ मोटर बंद ठेवली तरच शेजारच्या वावरात पाणी पोचतं. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये `Manage 3D settings` उघडा, `Max Frame Rate` चालू करून ६० ठेवा. आमच्या मशीनवर `3D` ८० च्या आसपास उतरलं, व्हिडिओ सुरळीत झाला, आणि कार्डही कमी तापू लागलं. उन्हाळ्यात हा फायदा लहान नाही. ६० कमी वाटत असेल तर मॉनिटरच्या आकड्याच्या दोन-तीन खाली ठेवा आणि `3D` ९५ च्या आत राहतं का बघा. नाही राहिलं तर सावल्या आणि गवताचा दर्जा एक पायरी खाली आणा. जीटीएमध्ये गवत फार खातं.

डिस्कॉर्डबद्दल थोडंच सांगण्यासारखं आहे. नुसता आवाज आणि मजकूर यांचा भार नगण्य. जीआयएफने भरलेला ग्रुप समोर उघडा असेल तर मात्र तो सतत रंगवला जातो. सेटिंगमधल्या `Accessibility` मध्ये आपोआप चालणारी जीआयएफ आणि हलत्या इमोजी बंद करा. आणि मित्राचं स्ट्रीम बघत असाल तर तो पूर्ण व्हिडिओच आहे, यूट्यूबसोबत तोही चालवला तर दोन व्हिडिओ धरा.

गेम `Fullscreen` वर ठेवला आणि दुसऱ्या स्क्रीनवर क्लिक केलं की काही गेम खाली जातात आणि परत येताना मोठा झटका देतात. जीटीएमध्ये `Windowed Borderless` ठेवलं की हा त्रास जातो. दोन मॉनिटरचे हर्ट्झ वेगळे असतील, म्हणजे १४४ आणि ६०, आणि विंडोज १० ची जुनी आवृत्ती असेल, तर ६० वाल्या स्क्रीनवर व्हिडिओ हलला की १४४ वालीही अडखळते. हा विंडोजचाच दोष होता आणि २०२० च्या २००४ या आवृत्तीत सुधारला गेला. `winver` लिहून आवृत्ती बघा. गावात अजूनही कितीतरी मशीन कधीच अपडेट न झालेल्या सापडतात.

"दुसऱ्या मॉनिटरची वायर मदरबोर्डला लाव, भार वाटला जाईल" असाही एक सल्ला आहे. एफ अक्षराच्या इंटेल प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सच नसतं, त्यामुळे तिथे वायर लावून काळी स्क्रीनच मिळते. ज्यांच्यात आहे त्यांना थोडा फायदा होऊ शकतो, पण ते ग्राफिक्स तुमच्याच रॅममधून जागा घेतं. ८ जीबीच्या मशीनवर मी हे करत नाही.

बरं झालेलं पुन्हा बिघडतं तेव्हा

ही तक्रार परत येतेच. ग्राफिक्स ड्रायव्हर टाकताना `Perform a clean installation` वर खूण केली की फ्रेमची मर्यादा पुसली जाते. एव्ही१ चा पर्याय यूट्यूबच्या खात्याशी बांधलेला आहे, मशीनशी नाही. वरच्याच पोराचा दिवाळीनंतर पुन्हा फोन आला, तेव्हा ब्राउझरमध्ये त्याच्या भावाचं खातं उघडं होतं आणि व्हिडिओ परत `av01` मध्ये येत होते.

मार्चनंतर वेगळं कारण येतं. खेळ सुरू केल्यावर अर्धा तास सगळं ठीक आणि मग अटकायला लागलं, तर वर सांगितलेलं काहीच करू नका. टास्क मॅनेजरमध्ये `CPU` खाली `Speed` बघा. आय-थ्री १०१००एफ चा मूळ वेग ३.६ गिगाहर्ट्झ आहे. गेम जोरात चालू असताना आकडा त्याच्या खाली घसरत असेल तर प्रोसेसर तापून स्वतःला आवरतो आहे. बाहेर ४५ अंश असताना, पंख्यात धूळ आणि जिनिंगजवळच्या घरांत कापसाचे तंतू अडकलेले असताना, दुसरा काही दोष लागत नाही. हीटसिंक काढून साफ करा, पेस्ट नवी लावा. कूलरचा ओला झोत थेट कॅबिनेटवर सोडू नका.

आणि एक कारण कॉम्प्युटरच्या बाहेरचं. यूपीएसवर जागा नाही म्हणून दुसरा मॉनिटर पुष्कळ जण सरळ भिंतीच्या बोर्डाला लावतात. लाइट झपकन गेली-आली की तो मॉनिटर बंद होऊन चालू होतो, विंडोज स्क्रीनची मांडणी नव्याने करतं, आणि तेवढ्यात गेम काळा पडतो किंवा गोठतो. घरातल्या बल्बकडे लक्ष नसेल तर हे महिनोन्महिने कळत नाही. झटका बसला त्याच वेळी दुसऱ्या स्क्रीनवरचा दिवा लुकलुकला का तेवढं बघा. लुकलुकला असेल तर त्याचा प्लग यूपीएसवर घ्या. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट झेलतो, आणि वर सांगितलेल्यासारखं मशीन दोन्ही मॉनिटर धरून त्यात बसतं.